वडील काय करतात?

अप्पा एकटे असून पाच जण व्हायचे. मलप्याच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातली पाळी संपवून घरी यायचे, लोणच्याबरोबर गंजी, म्हणजे भाताची पेज, पोटात ढकलायचे आणि पडवीत खुर्ची मांडून बँकेची मुलाखत घ्यायला बसायचे. पंचा घडी करून खांद्यावर ठेवला की ते अध्यक्ष. गळ्याभोवती गुंडाळला की रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं तोंडपाठ असलेला खवचट सभासद. कमरेला बांधला की पेंगत असलेला म्हातारा, जो तासाभरात एकच प्रश्न विचारतो आणि त्यातच उमेदवाराला आडवा करतो. हातात धरून वारा घेऊ लागले की मनाचा ठाव घेणारा कोणी तज्ज्ञ. आणि डोक्यावरून पदरासारखा घेतला की बाई सभासद. ह्या बाई सगळ्यांत कडक होत्या, आणि त्या आल्या की उंबऱ्यावर विड्या वळत बसलेली अम्मा तोंड फिरवून हसायची.

"हसू नकोस गं तिथे," अप्पा पदराआडून म्हणायचे. "पॅनेलचा अपमान होतो."

"पॅनेलने आधी दाढी करावी," अम्मा म्हणायची.

त्यांची मुलगी अश्विता मात्र हसत नसे. तिला हसणं परवडणारं नव्हतं. बँक अधिकाऱ्याच्या परीक्षेचे दोन्ही टप्पे पार करून ती तिसऱ्यांदा मुलाखतीपर्यंत पोचली होती, आणि वयाची अट यंदा संपत होती. ह्या वेळी नाव लागलं नाही तर पुढच्या वर्षी अर्जच भरता येणार नव्हता. मग काय? मग कापडाच्या दुकानात हिशेब, नाहीतर अम्माच्या शेजारी दुसरं सूप मांडायचं आणि पानं कापायला घ्यायची. एम.कॉम. झालेल्या मुलीला विडी वळता येत नाही असं थोडंच आहे! आमच्या किनाऱ्यावर बँकेचं वेड जुनं. उडुपीपासून मंगळुरूपर्यंत कुठल्याही गल्लीत दगड मारा, तो एखाद्या निवृत्त मॅनेजरच्या कौलावर पडेल. पण देवाडिगांच्या ह्या घरातून आजवर कोणी बँकेच्या काउंटरपलीकडे बसलं नव्हतं. अप्पा तेवढे जवळपास पोचले होते. ते पतसंस्थेची पिग्मी गोळा करायचे.

काखेत छोटं मशीन लटकवून ते रोज संध्याकाळी घरोघर, दुकानोदुकानी फिरत. मासळीवाल्या, शिंपी, रिक्षावाले, मोगरा गुंफणाऱ्या बायका, सगळ्यांनी दिवसाच्या कमाईतले थोडे पैसे त्यांच्या हातावर ठेवायचे आणि मशीनमधून निघालेली चिठ्ठी पदराला बांधायची. "शेखरण्णा आला" म्हटलं की लहान मुलंसुद्धा डबा घेऊन धावत. अश्विता एम.कॉम.ला गेली त्याच वर्षी पतसंस्थेला टाळं लागलं. चिटणीस फरार झाला, संचालक आजारी पडले, आणि अंगणात माणसं जमली ती अप्पांच्या. शिव्या झाल्या, रडणं झालं, कोणीतरी पायरीवर डोकं आपटून घेतलं. कोणी अंगावर हात मात्र टाकला नाही, कारण शेखरण्णाचंही त्यातच बुडालंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. नंतर कोणी येईनासं झालं, आणि ते जास्त वाईट होतं. तेव्हापासून अप्पा बाजाररस्त्याने गेले नाहीत. कारखान्यात जायचं तरी माडांच्या बागेतून, ओढ्याच्या कडेने, मोठा वळसा घालून जात.

असा माणूस मुलीला बँकेच्या मुलाखतीसाठी तयार करत होता, आणि खरं सांगायचं तर चांगला तयार करत होता. मंगळुरूच्या क्लासमधल्या कामत सरांचे प्रश्नसंच त्यांनी इतक्या वेळा चाळले होते की अश्विता अडखळली तर उत्तर त्यांच्याच तोंडून निसटायचं. एकच प्रश्न आला की ते दर वेळी पान उलटून पुढे जात. बँक आणि पतसंस्था यांत फरक काय? अश्विताने ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, माहीत नसेल तर सरळ म्हणायचं, माहीत नाही सर. थाप मारायची नाही, समोर बसलेल्यांचं आयुष्य थापा ओळखण्यात गेलेलं असतं. दुसरा, शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय का. तेव्हा हसायचं आणि म्हणायचं, नाही सर, थँक यू. "तिथे शहाणपणा करून प्रश्न विचारलास तर मिळालेले गुण परत जातात," अप्पा सांगत. गुण परत जातात हे त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे.

आधीच्या दोन्ही मुलाखतींत घात एकाच प्रश्नाने केला होता. पहिल्या वेळी अध्यक्षांनी सहज विचारलं, वडील काय करतात? अश्विताने खरं ते सांगितलं. पॅनेलमधला एक जण आमच्याच भागातल्या ब्रह्मावरचा निघाला. "अरे, ती पतसंस्था!" म्हणून तो खुर्चीत पुढे सरकला, आणि मग बाकीचा सगळा वेळ चिटणीस कुठे पळाला, लोकांचं काय झालं, वडिलांवर खटला आहे का ह्यातच गेला. दुसऱ्या वेळी तिने सांगितलं, वडील शेती करतात. बाई सभासदाने लगेच विचारलं, भाताचं बियाणं कोणतं लावता? शेती कसली, परसात दोन माड आणि कढीपत्त्याचं झाड! ती गप्प बसली आणि पॅनेलने एकमेकांकडे पाहिलं.

ह्या वेळी कामत सरांनीच तोडगा काढला होता. तो तिने घरी सांगितला नव्हता. क्लासमधल्या आरशासमोर उभं राहून पुन्हा पुन्हा म्हणून मात्र पक्का केला होता.

बंगळुरूला निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. अप्पा लवकर आले होते. रेपो दर झाला, बुडीत कर्जं झाली, बचतगटांना कर्ज का द्यावं ते झालं. अश्विता त्या दिवशी रंगात होती, एकही उत्तर अडलं नाही. गळ्यातला पंचा सोडून अप्पांनी तो नीट घडी केला आणि खांद्यावर ठेवला.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "आता थोडं घरच्यांबद्दल सांगा. वडील काय करतात?"

हा प्रश्न अप्पांनी आजवर कधी विचारला नव्हता. घरातच तर बसलोय, विचारायचं काय, असं त्यांना वाटत असावं. आज सगळे प्रश्न संपले म्हणून विचारला. आणि अश्विताची जीभ तिच्या आधी धावली.

"सर, माझे वडील हयात नाहीत. मी कॉलेजात असतानाच ते गेले. आईने विड्या वळून मला शिकवलं, त्यामुळे कष्टाच्या पैशाची किंमत मी लहानपणापासून..."

अम्माची कात्री थांबली, आणि आपण काय बोलून बसलो ते अश्विताला तेव्हा कळलं. तोंडाला हात लावला तर मुलाखत मोडेल, नाही लावला तर ते वाक्य तसंच अंगणभर राहील.

अप्पांनी पंच्याला हात लावला नाही. ते अध्यक्षच राहिले.

"वाईट झालं," ते म्हणाले. "कशाने गेले?"

"अप्पा..."

"पॅनेलसमोर नातं काढायचं नाही. कशाने गेले?"

"हार्ट... हृदयविकाराने, सर."

"हयात होते तेव्हा काय करायचे?"

ह्याचं उत्तर कामत सरांनी दिलं नव्हतं. मेलेल्या माणसाबद्दल कोणी पुढे विचारत नाही, असं ते म्हणाले होते. अश्विताला एकदम रडू फुटेल असं वाटलं आणि तिने ते गिळलं.

"पिग्मी गोळा करायचे. एका पतसंस्थेची."

"म्हणजे बँकेत होते."

"नाही सर. पतसंस्था म्हणजे बँक नाही. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. तिथल्या ठेवींना विमा नसतो. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विम्यातून मिळतात, पतसंस्था बुडाली तर..."

"तर?"

"तर काही नाही, सर."

"वडील लोकांना काय सांगायचे?"

"सरकारची हमी आहे, असं."

"आणि ती नव्हती."

"नव्हती, सर."

आवाज जराही न बदलता अप्पांनी विचारलं, "हे त्यांना माहीत होतं का?"

इतकी वर्षं ह्या घरात तीन माणसं एका चुलीवरचं जेवत होती, आणि हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता. अम्माने विचारला नाही, कारण तिला ह्याच माणसाबरोबर दिवस काढायचे होते. अश्विताने विचारला नाही, कारण उत्तराची भीती होती.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली. "मी कधी विचारलं नाही."

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "माहीत नसलं की माहीत नाही म्हणावं."

त्यांनी पंचा खाली काढला तेव्हा अम्मा उठून आली होती. मांडीवरचं सूप कलंडून तंबाखू उंबऱ्यावर सांडला होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"लाज नाही वाटत गं?" ती अश्विताला म्हणाली. "माझ्या गळ्यात काळ्या मण्यांची करीमणी आहे ना अजून? दिसते ना? जिवंत बाप समोर बसलाय, आणि तू त्याला सरणावर चढवून नोकरी मागणार? कोणी शिकवलं हे?"

"कामत सरांनी."

"त्यांना म्हणावं, आपल्या बापाला मारा!"

"गेला आहे त्यांचा," अश्विता म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

"तू आत जा, जलजाक्षी," अप्पा म्हणाले.

"का जाऊ? मी पॅनेलमध्ये नाही, मी बायको आहे तुमची!"

"बायको आहेस म्हणून सांगतो. उत्तर चांगलं आहे. पहिल्यांदा खरं सांगितलं, काय झालं? दुसऱ्यांदा शेतकरी केलं, काय झालं? ह्या उत्तरापुढे कोणी बियाणं विचारणार नाही. आणि बाजाररस्त्याने विचारून ये, शेखर देवाडिग जिवंत आहे म्हणून कोणाला आठवतं का."

अम्माने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ती खाली बसली आणि सांडलेला तंबाखू हाताने गोळा करू लागली.

"चल," अप्पा म्हणाले. पंचा पुन्हा खांद्यावर गेला. "तू मान खाली घालतेस. मेलेल्या माणसाबद्दल बोलताना लोक मान खाली घालत नाहीत. ज्याची लाज वाटते त्याच्याबद्दल बोलताना घालतात. वडील काय करतात?"

"मला नको हे, अप्पा."

"तुला नोकरी नको?"

तिने डोळे पुसले.

"मग सांग. वडील काय करतात?"

"माझे वडील हयात नाहीत, सर."

"डोळे वर. पुन्हा."

"माझे वडील हयात नाहीत, सर."

"घाई करू नकोस. घाई केली की पाठ केल्यासारखं वाटतं. आणि तिथे भरायच्या माहितीत वडिलांच्या पुढे काय लिहिणार आहेस? तोंडी एक आणि कागदावर एक असं चालणार नाही. दाखले तपासणारं टेबल वेगळं असतं, तिथे कोणी बापाची चौकशी करत नाही, पण माहितीचा कागद पॅनेलसमोर जातो. तिथेही तेच लिही. पुन्हा."

मुलीला सायकल शिकवताना ज्या चिकाटीने ते मागून धावले होते, त्याच चिकाटीने त्यांनी तिच्याकडून आपलं मरण घोटून घेतलं. दिवेलागणीला अश्विताच्या आवाजातला कंप गेला. नजर समोर, ओठांवर थोडं दुःख, पण भिकाऱ्यासारखं नाही. अप्पांनी मान हलवली. "आता जमलं," ते म्हणाले, आणि उठून मागच्या दारी तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.

आधीच्या दोन्ही वेळी ते तिच्याबरोबर बंगळुरूला आले होते, फाटकाबाहेर झाडाखाली डबा घेऊन बसले होते. ह्या वेळी त्यांनी तिला नुसतं बसमध्ये बसवलं. "मी कशाला?" ते खिडकीशी म्हणाले. "पॅनेलमधला कोणी चहाला बाहेर आला आणि तू माझ्याजवळ दिसलीस तर?" मग आपणच काहीतरी विनोद केल्यासारखे हसले. बस सुटल्यावर अश्विताने मागे वळून पाहिलं. ते हात न हलवता उभे होते.

पॅनेल पाच जणांचंच होतं. एक बाई, एक पेंगणारा म्हातारासुद्धा होता. अप्पांनी हुबेहूब उभं केलं होतं सगळं. माहितीच्या कागदावर वडिलांच्या रकान्यात तिने अप्पांनी सांगितलं तेच लिहिलं होतं, आणि तो कागद अध्यक्षांच्या कोपराखाली होता. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. दर प्रश्नाला तिला वाटे, आता. त्यांनी रेपो दर विचारला. एम.कॉम. करून अध्यापनात का गेली नाहीस, विचारलं. बाईंनी विचारलं, एक म्हातारी मासळीवाली ठेव ठेवायला आली, म्हणाली, बाई, पैसे बुडणार नाहीत ना, तर काय सांगशील? अश्विताने सांगितलं, पाच लाखांपर्यंत विमा आहे, व्याज धरून, आणि त्याच्यावरच्या रकमेला नाही हेही तिला समजेल अशा भाषेत सांगेन. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. म्हाताऱ्याने डोळे उघडून विचारलं, बदली कुठेही झाली तर घरचे सोडतील का? ती म्हणाली, सोडतील, सर.

"तुम्हाला काही विचारायचंय?"

"नाही सर, थँक यू."

आणि संपलं. वडील काय करतात, हे कोणी विचारलंच नाही. कोपराखालचा कागद अध्यक्षांनी उलटूनही पाहिला नव्हता.

ती फाटकाबाहेर आली आणि त्या झाडाखाली उभी राहिली. तिथे दुसऱ्याच कोणाचे वडील डबा उघडून मुलाला उपमा भरवत होते. तिला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. पण त्या संध्याकाळी पडवीत ज्या माणसाला दोघांनी मिळून एवढ्या मेहनतीने मारलं, त्याची कोणाला गरजच नव्हती. फोन वाजला. मागे बर्फ फोडण्याचा आवाज येत होता.

"कशी झाली?"

"बरी."

"माझ्याबद्दल विचारलं?"

नाही म्हटलं असतं तर खरं झालं असतं. पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. पोरगी नापास होईल ही भीती नव्हती ती. आपल्याला खरंच पुरलं का, हे विचारणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. हो म्हणावं तर त्यांना तिनेच पुरलं, नाही म्हणावं तर फुकट पुरलं. तिला तिसरं काहीतरी हवं होतं, आणि ते खोटंच असू शकत होतं.

"विचारलं," ती म्हणाली.

"मग? जमलं?"

"मी खरं सांगितलं, अप्पा. माझे वडील शेखर देवाडिग, पिग्मी गोळा करायचे, आता बर्फाच्या कारखान्यात आहेत. असं सांगितलं."

पलीकडे नुसता बर्फ फुटत राहिला. मग ते म्हणाले, "गाढव आहेस." आणि जरा वेळाने, "मान खाली घातलीस?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

यादी लागली तेव्हा तिचं नाव तीत नव्हतं. का नव्हतं ते अश्विताला नीट माहीत होतं. एकूण गुणांत ऐंशी टक्के भार लेखी परीक्षेचा, आणि लेखीत ती पहिल्यापासून काठावर होती. मुलाखतीत थोडं जास्त पडलं असतं तर कदाचित तरली असती, नाही पडलं. कोणाच्या बापाचा त्यात काही संबंध नव्हता. अम्माने एक शब्द न बोलता विडी कंत्राटदाराकडून दुसऱ्या सुपाची पानं आणली आणि भिजत घातली. त्या भिजलेल्या पानांच्या वासाने अश्विताला जीव नकोसा झाला. एवढ्या वर्षांची प्रश्नोत्तरं डोक्यात भरली होती, आणि आता ती विचारणारं जगात कोणी उरलं नव्हतं.

अप्पा मात्र बदलले. यादी लागल्यानंतर दोनेक दिवसांनी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले आणि ओढ्याकडे न वळता थेट बाजाररस्त्याने चालू लागले. अम्मा पाहतच राहिली. गुलाबी नावाची मासळीवाली टोपली घेऊन दारात आली तेव्हा कारण कळलं.

"तुझा बाप हॉटेलात सांगत होता," ती बांगडे मोजता मोजता अश्विताला म्हणाली. "पाच साहेबांसमोर पोरीने माझं नाव घेतलं, लपवलं नाही, म्हणून तिची नोकरी गेली. डोळ्यात पाणी होतं बघ माणसाच्या. माझी पिग्मी बुडाली त्यात, तरी मला वाईट वाटलं." आणि एक बांगडा जास्त टाकून ती गेली.

अश्विताने बांगडे आत नेऊन ठेवले. खरं सांगायला तोंड उघडायचं तर आता काय सांगायचं? कोणी विचारलंच नव्हतं म्हणून? मग हा माणूस पुन्हा ओढ्याच्या कडेला जाईल. न सांगावं तर आपल्यामुळे पोरीचं वाटोळं झालं हे ओझं घेऊन तो जन्मभर बाजारातून मिरवेल. तिने गप्प राहायचं ठरवलं.

त्या संध्याकाळी अप्पांनी तिला पडवीत हाक मारली. ते नेहमीच्या खुर्चीत बसले होते. पंचा दांडीवर वाळत होता, त्यांनी तो घेतला नाही. अम्मा कंत्राटदाराकडे वळलेल्या विड्या द्यायला गेली होती.

"बस," ते म्हणाले. "तू त्या दिवशी एका प्रश्नाला माहीत नाही म्हणालीस."

"सोडा ना अप्पा. झालं ते."

"नाही. पाच लोकांसमोर तू माझ्याबद्दल खोटं बोलली नाहीस. मीही तुझ्याशी बोलायला नको." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उमेदवार ठेवतो तसे. "मला माहीत होतं."

तिने दांडीवरच्या पंच्याकडे पाहिलं.

"विम्याचं नव्हतं माहीत, ते तुझ्या पुस्तकातच वाचलं. पण संस्था बुडतेय हे माहीत होतं. टाळं लागलं त्या वर्षीच्या पावसाळ्यातच चिटणीसाने सांगितलं, आता पैसे परत मागणाऱ्यांना सबबी सांग, नवीन जमा तेवढी आणत राहा, त्यातूनच कसंतरी चाललंय. मी आणत राहिलो. गेलो नसतो तर लोकांना त्याच दिवशी संशय आला असता. दिवाळीपर्यंत आणत राहिलो. गुलाबीकडूनसुद्धा."

अश्विताला वाटलं, हे इथेच थांबावं.

"आणि आपले पैसे काढून घेतले," अप्पा म्हणाले. "सगळे नाहीत. तुझ्या शिक्षणाचे तेवढे. चिटणीसाने मला तेवढी सवलत दिली, तोंड बंद ठेवावं म्हणून. कोणाला संशय येऊ नये म्हणून थोडे आत ठेवले, ते बुडाले, तेच सगळ्यांनी पाहिलं. तुझं एम.कॉम. त्यावर झालं. अम्मालाही ठाऊक नाही."

अंगणात मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या राहून उमलून गेल्या होत्या. अश्विता त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिला दिसत होती गुलाबीची टोपली आणि तो एक जास्तीचा बांगडा, आणि कॉलेजच्या फी भरायच्या खिडकीशी पैसे मोजून देणारी ती स्वतः. खोटं बोलून आपण हे विकत घेतलं, तिला वाटलं. ते एक वाक्य फोनवर बोललो नसतो तर हे कधी ऐकावं लागलं नसतं. माहीत नाही, सर, हे उत्तर किती चांगलं होतं! आता ते तिला जन्मात देता येणार नव्हतं.

अप्पा तिच्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. दार उघडून आत घेतील की नाही याची वाट पाहत उभा असावा तसा तो माणूस दिसत होता.

"तुला काही विचारायचंय?" त्यांनी विचारलं.

अश्विताने डोळे वर ठेवले, मान खाली घातली नाही, आणि शिकवलं होतं तसं थोडं हसली.

"नाही सर," ती म्हणाली. "थँक यू."